चारशे घरं, चार उत्तरं

मार्केटिंग रिसर्चच्या परीक्षेत एक प्रश्न दरवर्षी थोडेफार तपशील बदलून येतो. ‘एका कंपनीने शहरातल्या ३०० इमारतींपैकी १० इमारती चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि त्या दहा इमारतींतल्या प्रत्येक घरी जाऊन मुलाखती घेतल्या. ही नमुना निवडण्याची कोणती पद्धत?’ खाली चार पर्याय असतात : साधं रँडम सॅम्पलिंग, स्ट्रॅटिफाइड, क्लस्टर आणि कन्व्हीनियन्स. मराठी पुस्तकांत यांनाच यादृच्छिक, स्तरित, समूह आणि सोयीची निवड म्हणतात. उत्तर आहे क्लस्टर. पण ‘चिठ्ठ्या टाकून’ एवढं वाचलं की पुष्कळ मुलं रँडमवर खूण करून मोकळी होतात, आणि इमारत म्हणजे एक गट, एवढंच ज्यांच्या लक्षात राहिलेलं असतं ती स्ट्रॅटिफाइडकडे वळतात.

व्याख्या पाठ असूनही हे होतं. व्याख्येत पद्धतीचं नाव कळतं, पण ती पद्धत वापरली तर हाती येणारा आकडा कुठे आणि किती चुकेल हे कळत नाही. ते एकदा आकड्यांत पाहिलं की नावं आपोआप वेगळी दिसू लागतात. म्हणून इथे एकच प्रश्न, एकच शहर आणि चारशे घरांचा एकच नमुना घेऊन तो चारही पद्धतींनी सोडवू.

शहर आपणच रचलेलं आहे, परीक्षेतली शहरं असतात तसंच. त्यात १२,००० घरं आहेत. ३०० इमारती, प्रत्येकीत ४० घरं. यातल्या ६० इमारती उंची टॉवरच्या, म्हणजे २,४०० घरं. १५० इमारती साध्या फ्लॅटच्या, म्हणजे ६,००० घरं. उरलेल्या ९० चाळी, त्यात ३,६०० घरं. एका दूध डेअरीला जाणून घ्यायचंय की या शहरातली किती घरं दर आठवड्याला पाकिटातलं तयार दही विकत घेतात. खरी स्थिती आपल्याला माहीत आहे असं समजू : टॉवरमध्ये शंभरातली ७० घरं दही विकत घेतात, साध्या फ्लॅटमध्ये ४०, आणि चाळीत १५, कारण तिथे बहुतेक घरी विरजण लागतं. घरांच्या संख्येप्रमाणे हिशेब केला तर साऱ्या शहराचं उत्तर ३८.५ टक्के येतं. डेअरीला हा आकडा ठाऊक नाही. तिच्याकडे चारशे घरांना विचारण्यापुरते पैसे आहेत.

पहिली पद्धत साधी रँडम. यासाठी बारा हजार घरांची पूर्ण यादी लागते, आणि ही अट परीक्षेत सहसा सांगितलेली नसते, गृहीत धरलेली असते. प्रत्येक घराला क्रमांक द्यायचा, संगणकाकडून चारशे क्रमांक काढून घ्यायचे आणि नेमक्या त्याच घरांची दारं ठोठवायची. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळते. इथे रस्त्यावर कुणालाही गाठून विचारण्याला जागा नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर काहीच सोडलेलं नसतं.

अशा नमुन्यातून नेमकं ३८.५ येईल का? बहुधा नाही. एका खेपेला ३६ येईल, दुसऱ्या खेपेला ४१. चारशेच्या नमुन्यासाठी ही हालचाल साधारण अधिक-उणे ४.८ टक्क्यांची असते. म्हणजे असे शंभर वेगवेगळे नमुने काढले तर त्यातले पंचाण्णवच्या आसपास ३३.७ आणि ४३.३ यांच्या मध्ये पडतील. काही वर, काही खाली, पण सगळे खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले. या विखुरण्याला नमुन्याची चूक म्हणतात, सॅम्पलिंग एरर. बायस वेगळा. बायस असेल तर शंभरही नमुने एकाच बाजूला कललेले सापडतात. हा फरक पक्का ठेवायला हवा, कारण प्रश्नपत्रिकांमध्ये दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

दुसरी पद्धत स्ट्रॅटिफाइड. आपल्याला आधीच माहीत आहे की टॉवर, फ्लॅट आणि चाळ यांची दह्याची सवय वेगळी. रँडम निवडीत टॉवरमधली ८० घरं यायला हवीत, पण नशिबाने कधी ६४ येतात, कधी ९६. मग हे नशिबावर का सोडायचं? यादीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागातून त्याच्या वाट्याइतकी घरं रँडम पद्धतीने काढायची : टॉवरमधून ८०, फ्लॅटमधून २००, चाळींतून १२०. प्रत्येक थर नमुन्यात येतोच, आणि प्रत्येक थरातून थोडी घरं येतात. स्ट्रॅटिफाइडची ओळख हीच.

पाठ्यपुस्तकं इथे मोठ्या फायद्याचं वचन देतात. हिशेब केला तर फायदा बेताचाच निघतो. अधिक-उणे ४.८ चं ४.४ होतं. रँडम पद्धतीने सुमारे ४७० घरं घेतली असती तर जी अचूकता मिळाली असती, ती इथे चारशेत मिळते. तीन थरांत ७०, ४० आणि १५ इतका ठळक फरक असूनही एवढंच, कारण थराच्या आतसुद्धा घरं एकसारखी नाहीत. फ्लॅटमधली शंभरातली चाळीस घेतात आणि साठ घेत नाहीत. थर जितके आतून एकजिनसी आणि एकमेकांपासून वेगळे, तितका फायदा जास्त.

मग बाजार संशोधनातले लोक थर पाडायला इतके उत्सुक का असतात? कारण डेअरीला सबंध शहराच्या आकड्याइतकाच टॉवरमधला आकडा स्वतंत्रपणे हवा असतो. महाग दही तिथे विकायचंय. ८० घरांवरून टॉवरबद्दल काही ठामपणे सांगणं कठीण, म्हणून टॉवरमधून २०० घरं घेतात आणि फ्लॅट व चाळीतून शंभर-शंभर. याला प्रमाणाबाहेरची स्तरित निवड म्हणतात, ती पूर्णपणे योग्य आहे, आणि परीक्षेतला एक चांगला सापळा नेमका इथे लावता येतो. टॉवरमधली १४० घरं दही घेतात, फ्लॅटमधली ४०, चाळीतली १५. बेरीज १९५. चारशेला भागलं तर ४८.७५ टक्के. कंपनीच्या सादरीकरणात हा आकडा मोठ्या अक्षरांत झळकू शकतो, आणि तो दहा टक्क्यांनी चुकीचा आहे. टॉवर शहराचा पाचवा भाग आहेत, नमुन्यात मात्र त्यांना अर्धी जागा दिली होती. प्रत्येक थराच्या टक्केवारीला शहरातल्या त्याच्या खऱ्या वाट्याने गुणलं, म्हणजे ७० ला ०.२ ने, ४० ला ०.५ ने आणि १५ ला ०.३ ने, की बेरीज पुन्हा ३८.५ येते. निवडीत दोष नव्हता, बेरजेत होता. ‘स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंगमध्ये बायस कधी येतो?’ या प्रश्नाचं एक खरं उत्तर आहे : वजन द्यायला विसरलं की.

तिसरी पद्धत, क्लस्टर, मला या चौघांत सर्वांत जास्त गैरसमजात सापडलेली वाटते, म्हणून तिथे जरा थांबू.

बारा हजार घरांची यादी प्रत्यक्षात कुठेच तयार मिळत नाही. इमारतींची यादी मिळते. शिवाय रँडम निवडलेली चारशे घरं शहरभर पसरलेली असतात. एका मुलाखतीसाठी एका टोकाला जायचं, दुसरीसाठी दुसऱ्या. म्हणून घरांऐवजी इमारतीच चिठ्ठ्या टाकून काढतात. दहा इमारती निवडल्या, प्रत्येकीतली चाळीसच्या चाळीस घरं विचारली, झाली चारशे. चारशे ठिकाणांऐवजी दहा ठिकाणी जावं लागलं. मोजक्या गटांमधली सगळी घरं घेतली, उरलेल्या गटांना हातही लावला नाही. स्ट्रॅटिफाइडमध्ये सगळ्या गटांतून थोडी घरं घेतली होती. नावं विसरली तरी एवढा उलटसुलटपणा लक्षात राहिला तर सुरुवातीचा प्रश्न कधी चुकणार नाही.

आता या दहा इमारतींच्या पोटात पाहू. ३०० पैकी ६० टॉवर, म्हणजे दहात सरासरी दोन टॉवर, पाच फ्लॅटच्या इमारती आणि तीन चाळी यायला हव्यात. समजा चिठ्ठ्यांत चार टॉवर, पाच फ्लॅटच्या इमारती आणि एकच चाळ आली. उत्तर ४९.५ टक्के. समजा एकही टॉवर आला नाही, पाच फ्लॅटच्या इमारती आणि पाच चाळी आल्या. उत्तर २७.५. आणि दहा चिठ्ठ्यांत एकही टॉवर न येणं हे काही क्वचित घडणारं नाही. साधारण दहातल्या एका खेपेला तसं होतं. सगळा हिशेब मांडला तर या पद्धतीची हालचाल अधिक-उणे १२.६ टक्के निघते. खरा आकडा ३८.५ असताना अहवालात २६ ही येऊ शकतात आणि ५१ ही.

चारशे घरं विचारूनही असं का? कारण एका इमारतीत राहणारी माणसं एकमेकांसारखी असतात. उत्पन्न जवळपास सारखं, दुकानं तीच, डेअरीची गाडी येते ती सगळ्यांसाठी येते. पहिल्या दहा घरांना विचारल्यावर उरलेली तीस घरं नवं फारसं काही सांगत नाहीत. चाळीस उत्तरं मिळाली तरी माहिती चाळीस घरांची मिळत नाही. संख्याशास्त्रात या साम्याचं मोजमाप आहे, आपल्या शहरात ते सुमारे ०.१५ येतं. हा आकडा दिसायला किरकोळ, पण त्याला ‘गटातली घरं उणे एक’, म्हणजे ३९ ने गुणायचं असतं आणि त्यात एक मिळवायचा असतो. उत्तर सातच्या आसपास. या सातला डिझाइन इफेक्ट म्हणतात. लेस्ली किश या सर्वेक्षण-शास्त्रज्ञाच्या नावाशी ही कल्पना जोडली गेली आहे. अर्थ असा की चारशे घरांचा हा नमुना रँडम पद्धतीच्या चारशे भागिले सात, म्हणजे जेमतेम ५७ घरांच्या तोलाचा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एका भांड्यात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. शहर तसं शिजलेलं नसतं, त्यातली घरं आपापल्यासारख्यांच्या शेजारी गोळा झालेली असतात.

यावरचा उपायही याच हिशेबात आहे. दहा इमारतींतली चाळीस घरं घेण्याऐवजी चाळीस इमारती घ्यायच्या आणि प्रत्येकीतून रँडम दहाच घरं निवडायची. घरं चारशेच. पण आता गुणाकार ३९ ने नव्हे, ९ ने. डिझाइन इफेक्ट सातवरून २.४ वर उतरतो आणि हालचाल १२.६ वरून ७.४ वर येते. प्रवास चौपट वाढला, तरी चारशे ठिकाणांपेक्षा पुष्कळ कमीच राहिला. पैसा आणि अचूकता यांचा तोल कुठे साधायचा हा सर्वेक्षण आखणाऱ्याचा रोजचा प्रश्न आहे, आणि परीक्षेत विचारण्याजोगा तोच आहे.

आणि इथे काही उत्तरसूचींवर स्पष्ट आक्षेप घ्यायला हवा. ‘क्लस्टर सॅम्पलिंगचा तोटा काय?’ याला ‘ते बायस्ड असतं’ असं उत्तर छापलेलं आढळतं. ते चूक आहे. इमारती चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि प्रत्येकीत घरं सारखी असली की प्रत्येक घराला सारखीच संधी असते. कधी ४९.५ येईल, कधी २७.५, पण अशा असंख्य खेपांची सरासरी ३८.५ वरच बसेल. क्लस्टरचा नमुना एका बाजूला कलत नाही, तो दोन्ही बाजूंना फार हेलकावतो. दोष खरा आहे, पण तो बायसचा दोष नाही.

बायस पाहायचा असेल तर चौथ्या पद्धतीकडे यावं लागतं. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ, शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी दोन मुलं फॉर्म घेऊन उभी आहेत. जो थांबेल त्याला विचारायचं. एका संध्याकाळी नाही तर दोन शनिवारांत चारशे फॉर्म भरतात. यादी लागत नाही, जिने चढावे लागत नाहीत. त्या चारशेंत टॉवरमधले २४० जण निघाले, फ्लॅटमधले १४० आणि चाळीतले २० असं समजू. प्रत्येक थरातले लोक आपापल्या थराप्रमाणेच दही घेतात असंही मोठ्या मनाने मानू. उत्तर येतं जवळपास ५७ टक्के. खऱ्या आकड्याच्या दीडपट.

पुढची पायरी नीट पाहण्यासारखी आहे. संचालकांना चारशेचा नमुना लहान वाटला, म्हणून पुढचे काही महिने मुलं तिथेच उभी करून चार हजार फॉर्म भरून घेतले. आता सूत्रात आकडे घातले तर चुकीची मर्यादा अधिक-उणे १.५ टक्के इतकी बारीक दिसते. अहवालात लिहिलं जाईल : ५७ टक्के, दीड टक्का इकडे-तिकडे. खरा आकडा १८ टक्के दूर आहे. नमुना वाढवल्याने हेलकावा कमी होतो, कल जागच्या जागी राहतो. आणि ते सूत्र इथे वापरायलाच नको होतं, कारण कुणाला किती संधी मिळाली हे ज्ञात असेल तेव्हाच ते लागू होतं. चाळीतल्या ज्या बाईने शनिवारी संध्याकाळी या दुकानाकडे पाऊलही टाकलं नाही तिची संधी शून्य होती.

वजन देऊन हे सुधारता येईल का, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात. स्तरित नमुन्यात विचारलं तसंच इथेही ०.२, ०.५, ०.३ लावून पाहावं. आपण मोठ्या मनाने जे गृहीत धरलं होतं ते खरं असेल तर उत्तर सुधारेल. पण प्रत्यक्षात चाळीतून जे वीस जण सुपरमार्केटात आले, ते चाळीतल्या इतर घरांसारखे असण्याची शक्यता कमी. त्यांच्या हातात थोडा जास्त पैसा असेल, किंवा नवरा-बायको दोघंही कामावर जाणारी असतील आणि विरजण लावायला वेळ नसेल. त्या वीस जणांना ३,६०० घरांचे प्रतिनिधी करणं म्हणजे त्यांचं वेगळेपण मोठं करून दाखवणं. सोयीचा नमुना निरुपयोगी नसतो. प्रश्नावलीतला एखादा प्रश्न लोकांना कळतो का, पाकिटावरची अक्षरं वाचता येतात का, एवढं तपासायला तो पुरतो. टक्केवारी काढायला तो वापरू नये.

नमुना जितका मोठा तितका खरा, या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध पराभव अमेरिकेत १९३६ मध्ये झाला, आणि तो जवळजवळ प्रत्येक प्रश्नसंचात असतो. ‘लिटररी डायजेस्ट’ हे साप्ताहिक अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी वाचकांना आणि इतरांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवत असे, आणि त्याआधीच्या निवडणुकांत त्याचे अंदाज बरोबर आले होते. त्या वर्षी त्याने एक कोटीच्या आसपास पत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यावरून आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के मतं मिळतील असं छापलं गेलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली, लँडन यांना ४८ पैकी फक्त मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं मिळाली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असं आधीच सांगितलं होतं.

‘या चुकीचं कारण काय?’ या प्रश्नाचं छापील उत्तर ठरलेलं असतं : पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले, मंदीच्या काळात ही दोन्ही साधनं सधनांकडे होती, म्हणून नमुना श्रीमंतांकडे झुकला. हे खरं आहे, पण अर्धंच. यादीतला कल आहेच, आणि त्याला कव्हरेजचा बायस म्हणतात. पण एक कोटी लोकांना पत्रिका मिळाल्या आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी त्या परत पाठवल्याच नाहीत. पाठवणारे आणि न पाठवणारे सारखे नव्हते. १९३७ मध्ये गॅलप यांनी केलेल्या एका पाहणीत लोकांना ‘तुम्हाला डायजेस्टची पत्रिका आली होती का, परत पाठवलीत का’ असंही विचारलं होतं. ती माहिती घेऊन पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये दाखवलं की पत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर त्याच झुकलेल्या यादीतूनही रूझवेल्टच जिंकताना दिसले असते. रूझवेल्टवर नाराज असलेल्यांनी पत्रिका भरून पाठवण्यात जास्त उत्साह दाखवला होता. म्हणजे यादी आणि प्रतिसाद, दोन्हींत कल होता, आणि उत्तरसूचीत दोन्ही असायला हवेत.

गॅलप यांच्या यशाचा एक उलटा अर्थही काढला गेला. त्यांची पद्धत रँडम नव्हती, कोट्याची होती : इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शहरी, इतके ग्रामीण, आणि त्या चौकटीत कोणाला गाठायचं हे मुलाखत घेणाऱ्याने ठरवायचं. १९४८ मध्ये याच पद्धतीने गॅलप यांच्यासह प्रमुख पाहण्यांनी टॉमस ड्यूई जिंकतील असं सांगितलं आणि हॅरी ट्रुमन जिंकले. पाहण्या निवडणुकीच्या बऱ्याच आधी थांबवणं हेही त्यामागचं एक कारण होतं, पण त्या अपयशानंतर कोट्यावरचा विश्वास उडाला आणि रँडम निवडीकडे ओढा वाढला. परीक्षेत कोटा हा स्ट्रॅटिफाइडचा जुळा भाऊ म्हणून पर्यायांत ठेवलेला असतो. दोन्हींत गट पाडतात, दोन्हींत गटाचे आकडे ठरलेले असतात. फरक शेवटच्या पायरीवर आहे : गटातला माणूस चिठ्ठीने निवडला की मुलाखत घेणाऱ्याच्या सोयीने. ‘कंपनीने प्रत्येक वयोगटातले पन्नास ग्राहक मॉलमध्ये गाठले’ असं वाक्य असेल तर उत्तर कोटा. ‘ग्राहकांच्या यादीतून प्रत्येक वयोगटातले पन्नास रँडम निवडले’ असेल तर स्ट्रॅटिफाइड.

असे प्रश्न वाचताना मी मुलांना नावाकडे नव्हे, माणसाच्या वाटेकडे पाहायला सांगतो. निष्कर्ष कोणाबद्दल काढायचाय? त्यातली कोणती माणसं यादीत किंवा त्या जागी येऊच शकत नाहीत? आणि आलेल्यांपैकी शेवटचा माणूस कोणी निवडला? ‘दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दहाव्या ग्राहकाला विचारलं’ हा प्रश्न घ्या. दहावा माणूस मोजून निवडला, म्हणून ती पद्धतशीर निवड झाली, आणि त्या दुकानाच्या ग्राहकांबद्दल बोलायचं असेल तर ती चांगलीही आहे. पण प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत ‘शहरातल्या ग्राहकांची आवड जाणण्यासाठी’ असं लिहिलं असेल, तर निवड नियमाने होऊनही नमुना शहराच्या दृष्टीने सोयीचाच ठरतो. एकाच कृतीचं मोल निष्कर्ष कोणाबद्दल आहे यावर बदलतं, आणि ती शेवटची ओळ घाईत वाचायची राहते.

आपल्याकडच्या प्रत्यक्ष कामात आणखी एक वळण आहे जे प्रश्नपत्रिकेत अजून पुरेसं आलेलं नाही. भारतात घरोघरच्या पाहणीसाठी बरेचदा मतदार यादीतून सुरुवातीचा पत्ता काढून देतात आणि तिथून उजव्या हाताच्या नियमाने पुढे जायला सांगतात : उजवीकडे वळत राहा, ठरलेली घरं सोडा, पुढचं घर घ्या. घरात शिरल्यावर कोणाशी बोलायचं हेही मुलाखत घेणाऱ्याने ठरवायचं नसतं. घरातल्या माणसांची वयानुसार यादी करून एका तक्त्यावरून नाव निघतं. हा तक्ताही किश यांचाच. कागदावर ही क्लस्टरची शिस्तबद्ध निवड आहे.

आता सकाळी अकराची वेळ घ्या. निवडलेलं घर बंद आहे. नियम सांगतो, दोन-तीनदा पुन्हा यायचं, एकदा तरी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. पण मुलाखतीमागे पैसे मिळतात आणि दिवसाचा आकडा पूर्ण करायचा असतो. शेजारचं दार उघडं आहे, तिथली बाई बोलायला तयार आहे. फॉर्म भरला जातो. असं दहा इमारतींत झालं की नमुन्यातून पद्धतशीरपणे गळतात ती नोकरीवर जाणाऱ्या बायकांची घरं, म्हणजे नेमकी तीच घरं जिथे विरजण लावायला वेळ नसतो आणि पाकिटातलं दही जास्त जातं. सुपरमार्केटच्या दाराशी आकडा वर ढकलला गेला होता, इथे तो खाली ओढला जाईल, आणि अहवालावर पद्धतीचं नाव ‘क्लस्टर सॅम्पलिंग’ असंच राहील.

हे ओळखायची खूण फॉर्मच्या ढिगात सापडते. प्रत्येक मुलाखतीची वेळ नोंदवलेली असते. बहुतेक वेळा दहा ते चारच्या दरम्यानच्या निघाल्या, किंवा ‘घर बंद, पुन्हा भेट’ हा रकाना जवळजवळ रिकामा निघाला, तर पुन्हा भेटी झालेल्याच नाहीत. कमावत्या स्त्रियांचं नमुन्यातलं प्रमाण जनगणनेतल्या त्या भागाच्या प्रमाणाशी ताडून पाहता येतं. पर्यवेक्षक दहातल्या एखाद्या घरी फोन करून ‘तुमच्याकडे कोणी आलं होतं का, आणि कोणाचं नाव विचारलं’ एवढं विचारतात.

म्हणून माझ्या मते चांगला प्रश्न असा विचारावा : ‘एका कंपनीने ४० इमारती रँडम निवडल्या, प्रत्येकीतून १० घरं रँडम निवडली, आणि बंद घराऐवजी शेजारचं घर घ्यायला परवानगी दिली. तयार दह्याच्या खपाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येईल, कमी येईल की तितकाच?’ याला पाठ केलेली व्याख्या पुरत नाही. उत्तर आहे ‘कमी येण्याची शक्यता जास्त’, आणि पूर्ण गुण मिळण्यासाठी विद्यार्थ्याला लिहावं लागेल की दिवसा कोणती घरं बंद असतात आणि त्या घरांत दही कुठून येतं.